हात धुण्याच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहितोय, गावात लहानथोर सगळे बघणार आहेत, जरा वाचून सांगा

सागर_दिंडोरी

नमस्कार मंडळी. माझ्या मामाचं गाव पेठ तालुक्यात आहे, तिथल्या पोरांनी ठरवलंय की पावसाळ्याआधी हात धुण्यावर एक व्हिडिओ करायचा, ग्रामसभेत पडद्यावर दाखवायचा आणि मग गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. दरवर्षी पाऊस सुरू झाला की लहान पोरांना जुलाब-उलट्या चालू होतात आणि आशाताई ओआरएसची पाकिटं घेऊन घरोघर पळत असतात. शूटिंग मोबाईलवरच होणार. स्क्रिप्टचं काम माझ्याकडे आलंय. बघणाऱ्यांत बालवाडीतल्या पोरांपासून ऐंशीच्या आज्यांपर्यंत सगळे असणार, बऱ्याच जणांना वाचता येत नाही, म्हणून जे काही सांगायचं ते बोलूनच सांगावं लागेल.

पहिला खर्डा असा आहे:

"नमस्कार ग्रामस्थ बंधू-भगिनींनो. आपल्या हातांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो जीवजंतू असतात. अस्वच्छ हातांमुळे अतिसार, कावीळ, विषमज्वर असे गंभीर आजार होतात. म्हणून आज आपण हात धुण्याच्या सात पायऱ्या समजून घेऊया. पायरी पहिली, हात पाण्याने ओले करून पुरेसा साबण घ्यावा. पायरी दुसरी, तळव्यावर तळवा घासावा..."

असं पुढे सातपर्यंत जातं आणि शेवटी "स्वच्छ हात, निरोगी गाव" अशी घोषणा. एकूण पाच मिनिटं होतात. भाषा जड वाटतेय का? सात पायऱ्या लक्षात राहतील का लोकांच्या?

सिस्टर_सुरगाणा

सागर, चांगलं काम घेतलंय. मी नोकरीची बरीच वर्षं सुरगाणा-पेठ भागात उपकेंद्रावर काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे जरा मोकळं बोलते.

भाषा जड आहेच पण ते नंतर बघू. खरी अडचण अशी की हा व्हिडिओ बघून माणूस म्हणणार "हे तर आम्ही करतोच". गावात कोणालाही विचार, हात धुता का, हो म्हणतील आणि ते खोटं बोलत नाहीत. जेवायच्या आधी तांब्यातलं पाणी हातावर घेतात, झटकतात, बसतात. झाले हात धुवून. साबण कुठे असतो? मोरीत, अंघोळीच्या जागी, नाहीतर वर फळीवर, पोराच्या हाताला लागू नये म्हणून. म्हणजे सवय आहे, पाणी आहे, साबणसुद्धा घरात आहे, पण ज्या क्षणाला लागतो त्या क्षणाला हाताशी नाही. तुझ्या व्हिडिओने फक्त तेवढी जागा बदलली तरी खूप झालं.

दुसरं म्हणजे बाळाची शी. मी कितीतरी घरांत बघितलंय, मोठं माणूस बाहेरून आलं की हात घासून धुतं, पण तान्ह्याची शी काढली की तीच आई हात नुसत्या पाण्यात बुचकळून चुलीकडे वळते. कारण मनात पक्कं असतं की दुधावरच्या लेकराची शी कसली घाण. पण जुलाबाचे जंतू त्या शीमध्येही असतात, मोठ्याच्या शीसारखेच, आणि जुलाब सगळ्यात जास्त होतात ते लहानांनाच, म्हणजे उलट तिथेच जास्त जपायला हवं. हे एवढं एक जरी त्या बायांपर्यंत पोचलं तरी मला तुझा व्हिडिओ पावला.

आजारांची यादी काढून टाक. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातल्या गावांत याचा अभ्यास झालेला आहे, तिकडे जंतू-आजार असं काही सांगितलंच नाही, फक्त घाणीची किळस आणि "चांगली आई लेकराला काय शिकवते" एवढ्यावर कार्यक्रम केला. आधी साबण वापरणारे जवळजवळ नव्हतेच, सहा महिन्यांनी मोक्याच्या वेळी साबण वापरणाऱ्यांचं प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं, शेजारच्या ज्या गावांत कार्यक्रम नव्हता तिथे ६ टक्के. म्हणजे लोकांना कॉलऱ्याची भीती घालून काही फार होत नाही. भाकरीला काय लागलं ते दाखव.

देवळालीकर

चांगला विषय. माझ्या दोन सूचना. एक, गरम पाणी वापरायला सांगा, थंड पाण्याने जंतू मरत नाहीत. दोन, तो मिरपुडीचा प्रयोग दाखवा, बशीत पाणी घ्यायचं, वर मिरपूड टाकायची, साबण लावलेलं बोट बुडवलं की मिरपूड पळून जाते. तसे जंतू पळतात साबणाला घाबरून. पोरांना फार आवडतो, आमच्या सोसायटीत केला होता.

सिस्टर_सुरगाणा

@देवळालीकर भाऊ, प्रयोग दाखवायचा हे एकदम बरोबर, डोळ्याला दिसल्याशिवाय गावात पटत नाही. पण हाच नको. मिरपूड पळते ती पाण्याच्या वरच्या ताणामुळे, साबण लागला की तो ताण तुटतो. हातावरची घाण अशी आपोआप पळत नाही, ती घासून सोडवावी लागते. पोरगं हा प्रयोग बघून काय शिकेल, साबणाला बोट लावलं की झालं. घासायचं डोक्यातून जाईल, आणि आपल्याला तर घासायलाच शिकवायचंय.

गरम पाण्याचं म्हणाल तर हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याने जंतू मरत नाहीत, ते मरायला पाणी उकळावं लागतं. साबण तेलकट घाण सोडवतो, घासल्याने ती सुटते, पाण्याने वाहून जाते. थंड पाण्यानेही तेवढंच काम होतं. आणि पेठेतल्या बाईला हात धुवायला पाणी तापव म्हटलं तर ती सरपण कुठून आणणार? करायची तयारी असली तरी करणार नाही मग.

त्यापेक्षा सागर, असं कर. दोघांच्या हाताला गोडेतेल लाव आणि वर कोळशाची बारीक पूड चोळ. एक जण नुसत्या पाण्याने धुवेल, एक जण साबणाने. नुसत्या पाण्याचा हात काळाच राहतो, मग त्या हाताने भाकरी मोडायला लाव, भाकरीवर काळी बोटं उमटतात. काही बोलायलाच लागत नाही. फक्त हळद घेऊ नकोस, साबण लागला की हळद लाल होते, मागे एका शाळेत पोरं रक्त आलं म्हणून घाबरली होती.

निफाडकर_द्राक्षवाला

मी वेगळ्याच कारणाने धागा उघडला. आमच्याकडे बागेत फवारणी झाली की माणसं बांधावरच जेवायला बसतात, पाणी असतं पण साबण नसतो, म्हणून मी सॅनिटायझरची बाटली आणून ठेवली. सगळे दोन थेंब लावतात आणि भाकरी खातात. जीए डिपिंगच्या वेळी, म्हणजे घड वाढीच्या औषधात बुडवताना, तर दिवसभर हात त्या द्रावणातच असतात. सॅनिटायझर लावला तर चालतं ना? की सागरभाऊंच्या व्हिडिओत शेतातल्या माणसांचंही घ्यावं?

सिस्टर_सुरगाणा

भाऊ, फवारणीनंतर सॅनिटायझर अजिबात चालणार नाही. तो जंतूंवरचा उपाय आहे, हातावर बसलेलं औषध तो काढत नाही, तिथल्या तिथे पसरवतो. मातीने, चिकाने भरलेल्या हातावर जंतूंसाठीसुद्धा नीट काम करत नाही. साबण आणि भरपूर पाणी हाच उपाय, तोही जेवायच्या आधी आणि तंबाखू-विडीला हात लावायच्याही आधी, बरेच जण भाकरीआधी हात धुतात पण मळायला तसाच हात घालतात. हातमोजे असले तर ते हातात असतानाच बाहेरून धुवा आणि मग काढा. एका जुन्या बाटलीत पाणी भरून त्यात चमचाभर कपड्याची पावडर विरघळवा, झाकणाला बारीक भोक पाडा, बागेत लटकवून ठेवा. साबणाच्या वडीसारखी मातीत पडत नाही आणि जंतूंसाठीही तेवढीच चालते. फक्त ती बाटली पाण्याची वाटू नये म्हणून वर काहीतरी खूण करा, नाहीतर कोणीतरी पिईल. औषधाची रिकामी बाटली मात्र यासाठी कधीच घेऊ नका.

सागर, हे तुझ्या व्हिडिओत घालू नकोस. पेठेत भात-नागलीवाली माणसं, तिथे हा प्रश्न वेगळा. यावर वेगळाच व्हिडिओ व्हायला हवा.

निफाडकर_द्राक्षवाला

ताई धन्यवाद, बाटली उद्याच बांधतो. मळायचं तर डोक्यातच नव्हतं आलं.

पेठचे_गुरुजी

मी त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सात पायऱ्यांचा तक्ता आमच्या शाळेच्या नळावर वर्षानुवर्षं चिकटवलेला आहे, पोरं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत आणि चार सेकंदांत हात ओले करून पळतात. वीस सेकंद घासा म्हटलं तर वीस सेकंद म्हणजे किती हे मोठ्यांनाही कळत नाही, हातात घड्याळ कुठे असतं.

मी पोरांना बेचा पाढा लावून दिला. बे एक बे, बे दुणे चार, एका ओळीला साधारण दोन सेकंद लागतात, दहा ओळी म्हटल्या की बे दाहे वीस आणि वीस सेकंद. शेवटचा आकडाच वीस आहे म्हणून पोरांच्या लक्षात राहतो. आणि ओळीप्रमाणे हात बदलायचा. पहिल्या दोन ओळी तळवे, पुढच्या दोन हाताची पाठ, एकेका ओळीला एकेक हात, मग दोन ओळी बोटांच्या बेचक्यात, मग दोन ओळी दोन अंगठे मुठीत धरून, आणि शेवटच्या दोन ओळी नखं, तळहातावर नखांनी खरवडायचं. पायऱ्या वेगळ्या शिकवायची गरज पडत नाही, पाढ्याबरोबर हात आपोआप फिरतो. अंगठा आणि नखं या दोनच जागा पोरं कायम सोडतात, त्या शेवटच्या चार ओळींत पक्क्या बसतात.

एक धोका मात्र सांगतो. घाई झाली की पोरं पाढा पळवतात, आठ सेकंदांत बे दाहे वीस. त्यावर उपाय म्हणून मी "एका ओळीत दोनदा घासायचं" असा नियम घातलाय, त्याने बराच फरक पडला. व्हिडिओत म्हणताना मुद्दाम सावकाश म्हणा, लोक जसं ऐकतात तसंच म्हणतात.

सिस्टर_सुरगाणा

गुरुजी, हे फार सुंदर आहे. सागर, सात पायऱ्या काढ आणि हे घाल.

माई_गंगापूररोड

पाढा पोरांना ठीक आहे हो, पण माझी आई कळवण तालुक्यातली, ती शाळेची पायरीसुद्धा चढलेली नाही, तिला बेचा पाढा येत नाही. तिला "ज्ञानोबा माउली तुकाराम" म्हणायला सांगा, वारकरी बायका हात जोडूनच म्हणतात, मग हात घासत म्हणायला काय. सावकाश आठ वेळा म्हटलं की होतात वीसेक सेकंद, मी मोबाईलवर लावून बघितलं.

आणि एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे आज्या राखेनेच हात घासायच्या, भांडी पण राखेने, कोणाला काही झालं नाही. साबण विकत घ्यायला लावण्यापेक्षा राख सांगा की, चूल तर आहेच घरात.

पेठचे_गुरुजी

माई, भजन चांगलंय पण आमच्या गावात सगळे वारकरी नाहीत, काही घरं माळ घालतात, काही वेगळं मानतात. व्हिडिओत एकच घेतलं तर उरलेल्यांना वाटतं हे आपल्यासाठी नाही. पोराने पाढा म्हणायचा आणि आजीने त्याच्याबरोबर घासायचं, तिला पाढा यायची गरजच नाही. घरी गेल्यावर पोरगं म्हणेलच.

सिस्टर_सुरगाणा

राखेचं माई, मी स्पष्ट सांगते, साबण नसेल तर राख नुसत्या पाण्यापेक्षा बरी असं आम्हीही सांगत आलो, खरखरीत असते म्हणून घाण घासली जाते. पण साबणाएवढी चालते असा भक्कम पुरावा नाही. आणि एकदा व्हिडिओत "राख पण चालते" म्हटलं की ज्या घरात साबण आहे तिथेही तो पुन्हा फळीवर जाईल. माती मात्र नकोच, अंगणातल्या मातीत जंतांची अंडी असतात.

माई_गंगापूररोड

मला नाही पटलं पूर्ण. सुरगाण्यात-पेठेत मार्च ते मे बाया हंडाभर पाण्यासाठी किती चालतात ते तुम्हीच जास्त बघितलंय. त्या घरात साबण आला तरी तो धुवून काढायला पाणी लागतं, राख थोड्या पाण्यात निघते. व्हिडिओ पाहून त्या बाईला आपण कमी पडतो असं वाटायला नको.

सिस्टर_सुरगाणा

हे म्हणणं रास्त आहे. म्हणून पाणी किती लागतं ते व्हिडिओत दाखवायलाच हवं. आधी थोडं पाणी ओतून हात ओले करायचे, मग तांब्या खाली ठेवायचा, घासताना पाणी अजिबात नाही, आणि शेवटी ओतून धुवायचं. एका तांब्यात आरामात भागतं. पाणी वाया जातं ते घासताना धार चालू ठेवल्याने. आणि तांब्या दुसऱ्याने ओतायचा, किंवा कोपराने-मनगटाने कलंडवायचा, हात भांड्यात बुडवायचा नाही, नाहीतर घाण त्या पाण्यात जाते आणि पुढच्या माणसाच्या हातावर. राखेवर तुमचं-माझं एकमत होणार नाही बहुतेक, सागरने काय ते ठरवावं.

प्राजक्ता_व्हिडिओवाली

मी एडिटिंग करते, लग्नाचे आणि संस्थांचे व्हिडिओ. थोडं शूटिंगच्या अंगाने सांगते. पाच मिनिटं ग्रामसभेत चालतील, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, दोन ते अडीच मिनिटांत संपव. "नमस्कार बंधू-भगिनींनो" ने सुरुवात केली की लोक पुढे ढकलतात, पहिल्या पाच सेकंदांत काहीतरी घडताना दिसू दे. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वाक्यानंतर थांबा, आज्यांना आणि पोरांना बघायला वेळ लागतो, बोलणं आणि कृती एकाच वेळी आली तर दोन्ही निसटतात.

हात घासताना कॅमेरा समोरून लावू नकोस, माणसाच्या खांद्यावरून, म्हणजे बघणाऱ्याला ते स्वतःचेच हात वाटतील, डावं-उजवं उलटं होत नाही. आवाजासाठी अंगणात वारा असतो तिथे मोबाईलचा माईक अजिबात चालत नाही, कॉलरला लावायचा साधा वायरवाला माईक घ्या किंवा आवाज नंतर घरात बसून रेकॉर्ड करा. आणि नट नकोत, गावातल्याच बाया-पोरं घ्या, त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. कोकणी बोली बोलणारं घर असेल तर संवाद तसेच ठेवा, तू पुस्तकी मराठीत बदलू नकोस.

सागर_दिंडोरी

मंडळी, सगळ्यांचं वाचून पूर्ण नव्याने लिहिलं. एकच घर, एकच सकाळ. मामीच्या शेजारच्या घरातली माणसं तयार झालीत. बघा कसं वाटतं:

(अंगण. आई तान्ह्या बाळाची शी काढतेय. बाजूला बादली. ती हात पाण्यात बुचकळते, पदराला पुसते, चुलीकडे निघते.)

सोनी, वय आठ: आये, थांब ना. शाळेतला खेळ दाखवायचाय तुला.

आई: आत्ता? भाकरी टाकायच्यात.

सोनी: त्याच्या आधीच पाहिजे. हात कर पुढं.

(सोनी आईच्या आणि आजीच्या हाताला तेल लावते, वर कोळशाची पूड.)

आजी: काय करू राह्यली गं पोरी? सगळे हात काळे केले.

सोनी: आता आये, तू नुसत्या पाण्यानं धू. आजी, तू साबण घे.

(साबण शोधायला आजी घरात जाते, मोरीत नाही, फळीवर सापडतो. हे तसंच दाखवायचं, कापायचं नाही.)

(आई पाण्याने धुते. हात काळेच. सोनी तिच्या हातात कालची भाकरी देते. आई मोडते. भाकरीवर काळी बोटं.)

(थोडं थांबायचं. कोणी बोलत नाही.)

सोनी: हे काळं दिसतं म्हणून कळलं. बाळाची शी दिसत नाही, पण राहते अशीच.

आई: अगं, दुधावरचं लेकरू ते. त्याची कसली घाण?

आजी: मला बी असंच वाटायचं. पण गेल्या पावसाळ्यात याच लेकराला जुलाब झाले, सुईणबाईच म्हटली होती, आधी बाळाची शी काढल्यावरचे हात धुवा साबणानं. मी ऐकलं नाय तवा.

सोनी: आजी, हात पुढं. मी पाढा म्हणते, तू घास.

(खांद्यावरून हात. सोनी थोडं पाणी ओतते, तांब्या खाली ठेवते. आजी साबण लावते. सोनी सावकाश म्हणते.)

बे एक बे. बे दुणे चार. (तळवे)
बे त्रिक सहा. बे चोक आठ. (हाताची पाठ, आधी एक मग दुसरा)
बे पंचे दहा. बे सक बारा. (बोटांच्या बेचक्या)
बे साती चौदा. बे आठी सोळा. (अंगठे)
बे नवे अठरा. बे दाहे वीस. (नखं)

(तांब्याने पाणी ओतते. हात स्वच्छ. आजी पदराकडे हात नेते.)

सोनी: आजी, पदराला नाय! हवेत झटक.

(आई पुन्हा साबण घेऊन धुते. या वेळी आजी आणि सोनी दोघी पाढा म्हणतात.)

(बाप बाहेरून येतो, जुना जाळीदार पिशवीचा तुकडा हातात, त्यात साबण घालून बादलीशेजारच्या खुंटीला बांधतो.)

बाप: आता इथंच राह्यचा साबण. वर फळीवर नाय ठेवायचा.

आजी, सरळ कॅमेऱ्याकडे बघून: शी काढली, शीला जाऊन आलं, की साबण. चुलीला, भाकरीला, लेकराच्या तोंडाला हात लावायच्या आधी, साबण.

संपलं. साधारण सव्वादोन मिनिटं होतात वाचून बघितलं तर.

सिस्टर_सुरगाणा

सागर, हे गावात चालेल. साबण शोधण्याचा शॉट काढू नकोस कोणी कितीही सांगितलं तरी, तोच सगळ्यात खरा आहे. जाळीत साबण लटकवला ते बरं केलंस, कावळे आणि उंदीर वडी पळवतात म्हणून तर बाया वर ठेवतात. आणि जाळीत पाणी निथळून साबण चिखल होत नाही, जास्त दिवस पुरतो.

दोन बारीक गोष्टी. आजीच्या वाक्यात "सुईणबाई" ऐवजी आशाताई किंवा सिस्टर घाल, सुईण आता तेवढं सांगत फिरत नाही. आणि आईच अडाणी आणि पोरगी शहाणी असं दिसायला नको, आईला भाकरीनंतर एक वाक्य दे जिथे ती स्वतः साबण पुढे घेते. गावातल्या बाया बघताना आईच्या जागी स्वतःला बघणार आहेत, तिथे त्यांना खाली बघायला लागलं तर पुढचं काही ऐकणार नाहीत.

पेठचे_गुरुजी

पाढ्याच्या वेळी मुलीचा आवाज आणि हात दोन्ही एकदम नको, प्राजक्ताताई म्हणाल्या तसं, आधी एकदा नुसते हात दाखवा बिनआवाजाचे, मग पाढा. आणि "बे त्रिक सहा" वगैरे पोरं जशी म्हणतात तशीच राहू द्या, नवीन पुस्तकातल्या आकडे वाचायच्या पद्धतीत आणू नका.

देवळालीकर

गरम पाण्याचं मला माहीत नव्हतं, बरं झालं कळलं. पण एक शंका, आमच्या मोलकरणीच्या गावात सगळं धुतात-बिततात तरी गेल्या वर्षी जुलाबाची साथ आलीच. मग हात धुवून उपयोग काय?

सिस्टर_सुरगाणा

भाऊ, साबणाने हात धुतल्याने जुलाब साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात, सगळे थांबत नाहीत. पूर्ण गावात एकदम आठवड्याभरात साथ आली तर ती बहुतेक पाण्यातून असते. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकली का, पाइपलाइन कुठे नाल्यातून गेली आहे का, हे जलसुरक्षकाला विचारायचं. तो वेगळा विषय, व्हिडिओत घातला तर दोन्ही अर्धवट राहतील. पण ग्रामसभेत व्हिडिओ दाखवल्यावर लोक नेमका हाच प्रश्न विचारणार, तेव्हा सागर, जलसुरक्षकाला त्या दिवशी बोलावून ठेव आणि उत्तर त्यालाच देऊ दे.

माई_गंगापूररोड

स्क्रिप्ट आवडली. आजी कॅमेऱ्याकडे बघून बोलते ते फारच छान. फक्त राखेचं काय ठरवलं?

सागर_दिंडोरी

माई, व्हिडिओत राख घेत नाहीये, कारण त्या घरात साबण आहेच आणि आम्हाला फळीवरून खुंटीवर आणायचाय. पण गावात पाच-सहा घरं अशी आहेत जिथे साबण महिन्याच्या शेवटी संपतो, त्यांच्यासाठी ग्रामसभेत तोंडी काय सांगायचं यावर मामा आणि आशाताईंशी बोलतो, तुम्ही आणि सिस्टरताई दोघींचं म्हणणं त्यांना वाचून दाखवतो. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशातून शाळेत आणि अंगणवाडीत साबण आणता येईल का तेही विचारणार आहे.

सिस्टरताई, आईला हे वाक्य दिलंय, भाकरीवरची बोटं बघून थांबते आणि म्हणते, "आण तो साबण इकडं, मी पयले धुते." सुईणबाईच्या जागी आशाताई पण घातलं.

प्राजक्ता_व्हिडिओवाली

हे वाक्य चांगलंय. शूट सकाळी नऊच्या आत करा, नंतर अंगणात ऊन कडक पडतं आणि काळे हात-स्वच्छ हात यातला फरक कॅमेऱ्यात दिसत नाही. भाकरीचा शॉट दोन-तीनदा घ्या, दोन-तीन भाकऱ्या ठेवा जवळ, एकदा मोडली की संपली. आणि बाळ खरंच हवंय का फ्रेममध्ये? झोपेच्या वेळी गेलात तर रडेल, लंगोट आणि दुपटं दाखवूनही कळतं लोकांना.

सागर_दिंडोरी

दुपटं दाखवतो मग, बाळाची आई पण तेच म्हणत होती.